सेन्सरच्या खोक्यावरील टक्केवारी : ‘मार्ड’ कसा वाचावा?

दंडाच्या मागच्या बाजूस चिकटवायचा, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा साखरेचा सेन्सर आता हिवरा आश्रम आणि मेहकरच्या परिसरातील घरांतही दिसू लागला आहे. बहुधा तो पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने वा मुलीने पाठविलेला असतो. दर वेळी बोट टोचण्याची कटकट नाही, मोबाइलवर दिवसरात्र साखरेचा आलेख दिसतो आणि दूर राहणाऱ्या मुलांनाही तो पाहता येतो. सोय मोठी आहे. मात्र सेन्सर विकत घेताना किंवा मागविताना खोक्यावर, माहितीपत्रकात अथवा जाहिरातीत एक आकडा हमखास भेटतो. तो कोठे ‘७.९ टक्के’, कोठे ‘९ टक्के’, तर कोठे ‘११ टक्के’ असा असतो आणि त्याच्या शेजारी एम, ए, आर, डी ही चार इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. आपल्याकडे ‘मार्ड’ म्हटले की निवासी डॉक्टरांची संघटना आठवते. हा मार्ड निराळा. सेन्सर किती अचूक आहे हे सांगणारे हे माप आहे. ते कसे काढतात, त्यात काय दडून राहते आणि घरातील ज्येष्ठांसाठी त्याचा अर्थ काय, एवढेच या लेखात पाहू.

नावातच अर्थ आहे

मार्डचे मराठी भाषांतर केले तर ‘सरासरी निरपेक्ष सापेक्ष फरक’ असे विचित्र नाव होते. निरपेक्ष आणि सापेक्ष हे परस्परविरोधी वाटणारे शब्द एकत्र कसे आले, हे कळले की निम्मे काम झाले.

प्रथम ‘सापेक्ष’ म्हणजे काय ते पाहू. बाजार समितीच्या काट्यावर पन्नास किलोच्या सोयाबीनच्या पोत्यात अर्धा किलो इकडेतिकडे झाले, तर ती एक टक्क्याची चूक होय. तोच अर्धा किलो पाच किलोच्या पिशवीत चुकला, तर ती दहा टक्क्यांची चूक होते. चूक तेवढीच, परंतु तिचे वजन ज्या मालावर झाली त्यावर ठरते. साखरेचेही तसेच आहे. खरी साखर २५० असताना सेन्सरने १० कमी दाखविले, तर फरक केवळ ४ टक्के. खरी साखर ५० असताना तेच १० चुकले, तर फरक २० टक्के. (या लेखातील साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या आपल्या नेहमीच्या एककातील आहेत.)

आता ‘निरपेक्ष’. सेन्सरने जास्त दाखविले की कमी, हे येथे पाहिले जात नाही. अधिक-उणे ही चिन्हे काढून टाकून फक्त फरक घेतला जातो. असे न केल्यास एक वाचन दहा टक्के वर आणि दुसरे दहा टक्के खाली असताना दोहोंची सरासरी शून्य येईल आणि दोन्ही वेळा चुकलेला सेन्सर अगदी बिनचूक ठरेल.

म्हणून प्रत्येक वेळी एकाच क्षणाचे दोन आकडे घेतात. एक सेन्सरचा आणि दुसरा रक्ताच्या भरवशाच्या तपासणीचा. मग हिशेब असा :

फरक (टक्के) = (सेन्सरचा आकडा − रक्ताचा आकडा) ÷ रक्ताचा आकडा × १००

चिन्ह सोडून देऊन अशा शेकडो किंवा हजारो जोड्यांच्या फरकांची सरासरी काढली की मार्ड मिळतो. तो जितका लहान, तितका सेन्सर सरासरीने रक्ताच्या आकड्याच्या जवळ.

एका वहीतील पाच नोंदी

माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका बहात्तर वर्षांच्या आजोबांचे उदाहरण घेऊ. त्यांना इन्शुलिन आहे आणि साखर उतरविणारी ग्लिमेपिराइडची गोळीही आहे. सेन्सर लावल्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी अधूनमधून ग्लुकोमीटरवरही तपासून दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. त्यातील पाच नोंदी अशा होत्या.

मीटर १००, सेन्सर १०८. फरक ८ टक्के.
मीटर १५०, सेन्सर १४१. फरक ६ टक्के.
मीटर २००, सेन्सर २१४. फरक ७ टक्के.
मीटर २५०, सेन्सर २३५. फरक ६ टक्के.
मीटर ६०, सेन्सर ७८. फरक ३० टक्के.

पहिल्या चार नोंदींची सरासरी काढा. ८, ६, ७ आणि ६ मिळून २७. भागिले चार म्हणजे पावणेसात टक्के. हा आकडा खोक्यावर छापला तर कोणीही खूश होईल. पाचवी नोंद मिळवताच बेरीज ५७ होते आणि सरासरी ११.४ वर जाते. आता अशी कल्पना करा की वहीत पाच नव्हे, तर वीस नोंदी आहेत. त्यांपैकी एकोणीस पहिल्या चारांसारख्या चांगल्या आहेत आणि त्या पाचवीसारखी एकच आहे. तेव्हा सरासरी जेमतेम आठ टक्के येते. ती एक नोंद चांगल्या नोंदींच्या गर्दीत लपून जाते.

आणि तीच नोंद सर्वांत महत्त्वाची होती. ती पहाटे तीनच्या सुमाराची. आजोबांना दरदरून घाम सुटला होता आणि ते असंबद्ध बोलत होते. मोबाइलवर ७८ दिसत होते. साखर ७० च्या खाली गेली तर वाजावा म्हणून लावलेला गजर वाजला नव्हता, कारण सेन्सरच्या लेखी साखर ७० च्या वरच होती. सूनबाईंनी मोबाइलवर विश्वास न ठेवता बोट टोचून पाहिले, साठ दिसताच साखरपाणी पाजले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. आजोबा सावरले.

सेन्सर बिघडलेला होता का? नाही. सेन्सर रक्तातील साखर मोजत नाही. त्वचेखाली पेशींच्या मधल्या द्रवातील साखर मोजतो. रक्तातील साखर वेगाने उतरू लागली की त्या द्रवातील साखर काही मिनिटे मागे राहते. त्यामुळे उतरत्या साखरेच्या वेळी सेन्सरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते आणि चढत्या साखरेच्या वेळी कमी. शिवाय साखर मुळातच कमी असताना थोडा फरकही टक्केवारीत मोठा होतो. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला अचूकतेची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी सेन्सर तुलनेने कच्चा पडतो. आणि एकूण मार्डच्या एका आकड्यात हे दिसत नाही.

‘९ टक्के’ म्हणजे ‘९१ टक्के बरोबर’ नव्हे

सर्वांत सामान्य गैरसमज हा की मार्ड ९ टक्के असेल तर शंभरातील एक्क्याण्णव वाचने बरोबर असतात. काही विक्रेते ‘अचूकता ९१ टक्के’ असे सांगून या गैरसमजाला हातभारही लावतात. दुसरा गैरसमज असा की कोणतेही वाचन नऊ टक्क्यांहून अधिक चुकणार नाही. दोन्ही अर्थ चूक आहेत. नऊ ही सरासरी आहे. वर्गाची सरासरी उंची पाच फूट असली म्हणून वर्गात सहा फुटी मुलगा नसतो असे नाही. सर्वसाधारणपणे निम्म्याहून थोडी अधिक वाचने सरासरीपेक्षा जवळ असतात, उरलेली दूर असतात आणि त्यांपैकी काही सरासरीच्या दुपटीहूनही दूर असू शकतात.

मार्ड आणखी एक गोष्ट सांगत नाही. समजा, एक सेन्सर नेहमीच दहा टक्के जास्त दाखवतो आणि दुसरा कधी दहा टक्के वर तर कधी खाली दाखवतो. दोघांचाही मार्ड दहाच. परंतु कायम जास्त दाखविणारा सेन्सर इन्शुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी अधिक धोक्याचा, कारण तो साखर उतरल्याचे उशिरा सांगेल आणि डोस वाढविण्याचा मोह मात्र लवकर पाडेल. वहीत दोन्ही आकडे लिहिताना सेन्सर वर आहे की खाली, हेही लिहावे ते याचसाठी.

हा आकडा कोठून येतो?

एक खरे उदाहरण पाहू. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी या मालिकेतील डॉक्टरांनी वापरावयाचा सेन्सर भारतातही आला. अमेरिकेतील चार केंद्रांवर मधुमेहाच्या ७२ रुग्णांनी चौदा दिवसांपर्यंत सेन्सर लावला आणि दिवसातून किमान आठ वेळा बोट टोचून साखर मोजली. बोटाच्या रक्ताशी तुलना करता मार्ड ११.४ टक्के आला. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा दिला होता, तो सामान्य वाचकाला अधिक उपयोगी आहे : सुमारे ८७ टक्के वाचने अशा पट्ट्यात होती, जेथील फरकामुळे उपचाराचा निर्णय बदलत नाही. याचा दुसरा अर्थ, साधारण आठांतील एक वाचन त्या पट्ट्याबाहेर होते. त्यानंतर आलेल्या सेन्सरांचे मार्ड कंपन्यांच्या दाव्यानुसार आठ-नऊच्या आसपास उतरले आहेत, ही खरी प्रगती आहे.

परंतु दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘आठवाला नऊवाल्यापेक्षा चांगला’ असा निर्णय देता येत नाही, कारण दोन्ही परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर झालेल्या नसतात. तुलना बोटाच्या रक्ताशी केली की शिरेतून काढलेल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीशी, यावर आकडा बदलतो. तपासणीच्या वेळी साखर स्थिर होती की मुद्दाम चढवली-उतरवली होती, यावर बदलतो. आणि वहीच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे, कमी साखरेच्या नोंदी किती घेतल्या यावर तर फारच बदलतो. ज्या अभ्यासात साखर ७० च्या खाली क्वचितच गेली, त्याचा मार्ड आपोआप देखणा दिसतो.

म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सेन्सरांच्या एका नव्या वर्गासाठी निकष ठरविले, तेव्हा एका सरासरीवर भिस्त ठेवली नाही. साखरेचे तीन पट्टे केले : ७० च्या खाली, ७० ते १८० आणि १८० च्या वर. प्रत्येक पट्ट्यात किती टक्के वाचने ठरावीक अंतराच्या आत पडतात, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. ७० च्या खाली ८५ टक्क्यांहून अधिक वाचने १५ मिलिग्रॅमच्या आत असावी लागतात. तेथे टक्केवारी न वापरता मिलिग्रॅम का वापरले, हे पाच किलोच्या पिशवीच्या उदाहरणावरून लक्षात येईल.

सूनबाईंच्या वहीतील पाचवी नोंद या कसोटीवर लावून पाहा. फरक १८ चा होता, म्हणजे १५ च्या कसोटीत ती नोंद नापास. अनेक माहितीपत्रकांत मात्र ‘२० टक्के किंवा २० मिलिग्रॅमच्या आत’ अशी सैल कसोटी छापलेली असते. तिच्यात हीच नोंद पास होते. कागदावर पास झालेले वाचन घरात गजर न वाजवता निघून जाऊ शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

मग मार्डच्या मागे किती धावावे? व्हर्जिनिया विद्यापीठातील बोरिस कोवाचेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये संगणकावरील प्रारूपाच्या साहाय्याने हाच प्रश्न तपासला. इन्शुलिनचा डोस ठरविण्यासाठी मार्ड दहा टक्क्यांपर्यंत आला की त्यापुढील सुधारणेचा लाभ फारसा वाढत नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे आठ आणि नऊ यांतील एका टक्क्यासाठी हजारभर रुपये अधिक मोजण्यापेक्षा, कमी साखरेचा गजर असलेला आणि आपल्या गावापर्यंत वेळेवर पोहोचणारा सेन्सर घेणे शहाणपणाचे.

घरी पडताळा कसा घ्यावा?

अनेक जण सेन्सर लावताच मीटरशी तुलना करतात आणि फरक दिसला की घाबरतात. येथे एक गोष्ट विसरली जाते. मीटरलाही चुकण्याची मुभा आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा अधिक असताना मीटरची ९५ टक्के वाचने १५ टक्क्यांच्या आत असली की मीटर उत्तीर्ण होतो. आता खरी साखर १४० आहे असे समजा. मीटर दहा टक्के वर जाऊन १५४ दाखवतो, सेन्सर दहा टक्के खाली जाऊन १२६. दोघांत २८ चा फरक पडला, म्हणजे मीटरच्या आकड्याच्या सुमारे अठरा टक्के. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या जागी ठीक आहेत. म्हणून एका तुलनेवरून सेन्सर वाईट ठरवू नये आणि घरच्या चार-पाच नोंदींच्या सरासरीला मार्डही म्हणू नये. त्या नोंदी सेन्सर सतत एकाच बाजूला चुकतो का, हे पाहण्यासाठी आहेत.

तुलना करायची तर ती पहिल्या दिवशी करू नये. सेन्सर टोचल्यावर तेथील ऊती स्थिरावण्यास वेळ लागतो. जेवणापूर्वी, साखर स्थिर असताना, म्हणजे मोबाइलवरील बाण आडवा असताना ती करावी. नुकतेच पंगतीतून उठून किंवा शेतात फेरी मारून आल्यावर घेतलेली तुलना निरुपयोगी, कारण त्या वेळी रक्त आणि द्रव यांच्यातील साखरेत मुळातच अंतर असते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नुकतेच केळे वा संत्रे सोललेल्या बोटावरील साखर मीटरचा आकडा फुगवते. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि खोक्यावर साठवणुकीचे तापमान लिहिलेले असते तेही पाहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवता येत नाही. सेन्सरचे न उघडलेले खोकेही तेथे ठेवू नये.

मार्डमध्ये न दिसणारी आणखी दोन कारणे ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष आढळतात. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे तेथील द्रवाचा पुरवठा कमी होतो आणि रात्री साखर खोटीच उतरलेली दिसते. कूस बदलल्यावर आकडा पुन्हा वर येतो. दुसरे कारण औषधांचे. काही सेन्सरांत व्हिटॅमिन सी अधिक प्रमाणात, म्हणजे दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास साखर खोटीच जास्त दिसते. सर्दीसाठी चघळायची संत्र्याच्या चवीची गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमचीच असते; दिवसातून दोन चघळल्या की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. डायलिसिसवर असलेल्यांसाठी काही सेन्सरांची चाचणीच झालेली नसते. तेथे खोक्यावरील टक्केवारी लागू पडते असे धरू नये.

ज्येष्ठांसाठी आकड्याचा उपयोग

इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये खरा धोका असतो तो साखर अचानक उतरण्याचा. तोल जाऊन पडणे आणि मांडीचे हाड मोडणे, हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. म्हणून गजर ७० वर न ठेवता तो ८० वर लावावा का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. बहुतेक गजरयुक्त सेन्सरांत ही सोय असते. आजोबांचा गजर ८० वर असता, तर ७८ ला तो वाजला असता. सेन्सर चुकणार हे गृहीत धरून त्याला आधीच जागा करून देणे, हाच मार्ड जाणून घेण्याचा घरगुती उपयोग.

आणि नियम एकच : घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, अनाकलनीय चिडचिड अशी लक्षणे आणि सेन्सरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा आणि बोट टोचून पाहावे. मीटर हाताशी नसेल आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

एक इशारा मनगटी घड्याळांविषयी आणि अंगठ्यांविषयी. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी उपकरणे स्वस्तात विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले की अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला स्वतंत्रपणे साखर मोजण्यासाठी त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्यांच्या जाहिरातीत ‘अतिशय अचूक’ हे शब्द असतील, परंतु कोणाशी, किती जणांवर आणि कमी साखरेत किती, याचे उत्तर नसेल. अशा उपकरणाच्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस कधीही ठरवू नये.

तेव्हा यापुढे मुलाचा फोन आला आणि ‘हा सेन्सर फार अचूक आहे, मार्ड आठच आहे’ असे तो म्हणाला, तर त्याला चार प्रश्न विचारा. हा आठ बोटाच्या रक्ताशी तोलून आला की प्रयोगशाळेतील तपासणीशी? किती आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या रुग्णांवर? साखर ७० च्या खाली असताना किती वाचने १५ मिलिग्रॅमच्या आत होती? आणि कमी साखरेचा गजर किती वर लावता येतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकाच्या आतल्या पानांवर, बारीक अक्षरांत, तक्त्यांमध्ये छापलेली असतात. ती शोधून वाचून दाखविण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. त्याचे डोळे अजून चांगले आहेत.